टॉन्सिल काढली, पुढचे चौदा दिवस घरचे

नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असो, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असो, की या दोन शहरांतला एखादा खासगी दवाखाना. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेलं मूल तिथं फार दिवस राहत नाही. सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सुट्टी होते. मूल बोलतं, आइसक्रीम मागतं, आजीकडे बघून हसतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. आणि इथंच हिशेब चुकतो. कारण या ऑपरेशनचे अवघड दिवस दवाखान्यात येत नाहीत, ते घरी येतात.

पहिल्या दिवशी मूल बरं दिसतं, त्यात भुलीच्या वेळी दिलेल्या औषधांचा वाटा मोठा असतो. त्यांचा असर उतरला की दुखणं वाढत जातं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त होतं. बाकीच्या ऑपरेशनांत रोज थोडं थोडं बरं वाटत जातं, तसं इथं होत नाही. ‘काल खात होता, आज पाणीसुद्धा नको म्हणतोय’ अशी तक्रार चौथ्या दिवशी घेऊन येणारे पालक घाबरलेले असतात. काहीतरी बिघडलं, असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. ऑपरेशन आपल्या नेहमीच्या वाटेनं चाललेलं असतं.

टॉन्सिल काढल्यावर त्या जागी सहसा टाके घालत नाहीत. घशाच्या दोन्ही बाजूंना उघडी जखम राहते आणि ती आपोआप भरते. एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळसर थर चढतो. गुडघा खरचटल्यावर खपली धरते, तसाच हा प्रकार, फक्त घशात सदा ओल असल्यामुळे ही खपली काळी-कडक न होता पांढरी-मऊ राहते. मोबाइलची बॅटरी लावून आत डोकावणाऱ्या काकाला तो पू वाटतो. मग गावातल्या डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन आणि आणखी एक अँटिबायोटिक सुरू होतं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये मुलांच्या या ऑपरेशनाबद्दलच्या मार्गदर्शक सूचना सुधारून काढल्या. त्यांत सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या सर्जननं काही लिहून दिलं असेल तर ते पूर्ण द्यावं, पण पांढरा थर बघून आपल्या मनानं भर घालू नये.

त्याच थरामुळे तोंडाला वास येतो, चांगला आठवडा-दीड आठवडा. कानही दुखतो. घसा आणि कान यांच्या संवेदना वाहणारी नस एकच असल्यामुळे घशातलं दुखणं मुलाला कानात जाणवतं. कानात तेल सोडून उपयोग नाही, औषध घशाच्या दुखण्यावरच द्यायचं. नाकामागच्या गाठी, म्हणजे अडिनॉइड, सोबत काढल्या असतील तर आवाज थोडा गेंगाणा होतो, कधी पाणी पिताना नाकातून येतं. हे बहुधा काही दिवसांत थांबतं. पहिल्या एक-दोन दिवसांत अंग कोमट लागणं, शंभरापर्यंत ताप येणं चालतं. 102 च्या पुढं गेला, किंवा उतरून पुन्हा चढला, तर मात्र डॉक्टरांना फोन करावा.

आता औषधाचं. घरी सर्वांत जास्त घोळ इथं होतो, म्हणून थोडं सावकाश.

दुखत असेल तरच द्यायचं, ही पद्धत या ऑपरेशनात चालत नाही. मूल रडायला लागल्यावर औषध दिलं तर तोवर त्यानं गिळणं बंद केलेलं असतं, म्हणजे औषधही पोटात जात नाही. पहिले पाच-सात दिवस तरी घड्याळ लावून द्यावं. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. रात्रीचा डोस चुकवला की सकाळी घसा कोरडा आणि दुखणं शिगेला, मग न्याहारी बुडते आणि तिच्यामागून सगळा दिवस. म्हणून पहिल्या काही रात्री मुलाला हळूच उठवून औषध आणि दोन घोट पाणी देणं फायद्याचं. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी औषध गेलं असेल तर मूल घास घेतं.

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. पॅरासिटामॉलचा साधारण हिशेब एका वेळेला किलोमागं 15 मिलिग्रॅम असा आहे. समजा, किनवट तालुक्यातल्या एखाद्या गावचं पाच वर्षांचं मूल आहे, वजन 16 किलो. त्याला एका वेळेला 240 मिलिग्रॅम लागेल. आता दुकानात जा. पॅरासिटामॉलचं एक सिरप 5 मिलीला 120 मिलिग्रॅमचं मिळतं, दुसरं 5 मिलीला 250 मिलिग्रॅमचं. पहिलं असेल तर 10 मिली द्यावं लागेल, दुसरं असेल तर पाच मिलीला किंचित कमी. शिवाय तान्ह्या बाळांसाठीचे थेंब येतात, त्यांत एकाच मिलीत 100 मिलिग्रॅम असतात. ‘पाच मिली दे’ एवढंच तोंडी सांगितलं आणि हाताशी थेंबांची बाटली आली, तर मुलाच्या पोटात 500 मिलिग्रॅम जाईल, म्हणजे दुपटीहून जास्त. उलट 120 वाल्या बाटलीतून पाच मिली दिलं तर निम्माच डोस जातो आणि ‘औषधानं काही फरक पडत नाही’ अशी तक्रार होते. बाटली संपली आणि गावातल्या मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची आणली, की हा घोटाळा हमखास होतो. बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचावा. चहाचा चमचा माप म्हणून वापरू नये. बाटलीसोबतचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी.

दुसरा घोळ जोड-औषधांचा. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं नारिंगी-गुलाबी सिरप मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक घरात असतं. आई सकाळी डॉक्टरांनी लिहिलेलं पॅरासिटामॉल देते, दुपारी आत्या ‘हे जास्त लागू पडतं’ म्हणून जोड-सिरप पाजते आणि संध्याकाळी सर्दीचं औषध जातं. सर्दीच्या कित्येक औषधांत पॅरासिटामॉल असतंच. तिघं मिळून मुलाला एकच औषध तीन नावांनी देत असतात, आणि जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हरला सोसत नाही. घरात औषध देणारं माणूस एकच असावं आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आयबुप्रोफेनबद्दल डॉक्टरांत अजून थोडी चर्चा चालते, कारण रक्त गोठण्याच्या क्रियेवर त्याचा सौम्य परिणाम होतो. वर सांगितलेल्या 2019 च्या सूचना मात्र पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा दोन्ही देण्याच्या बाजूनं आहेत. आपल्या सर्जननं लिहिलं असेल तर द्यावं, नसेल तर विचारल्याशिवाय नाही. मूल काहीच पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा त्याला दमा असेल, तरी आधी विचारावं. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे. जुनी पट्टी घरात पडलेली असेल तर ती टाकून द्यावी.

आणि एका गोष्टीवर तडजोड नाही. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं औषध मुलाला द्यायचं नाही, मोठ्या माणसाचं खोकल्याचं सिरपसुद्धा नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका दोन वर्षांच्या मुलाची हकिगत 2009 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. टॉन्सिल आणि अडिनॉइड काढून मूल घरी गेलं, आईनं सांगितल्याप्रमाणे कोडीनचं सिरप दिलं आणि काही दिवसांतच ते मूल दगावलं. डोस चुकलेला नव्हता. काही जणांच्या शरीरात जन्मतःच कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्यानं होतं, त्यांत हे मूल होतं. श्वास मंदावत गेला. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2013 मध्ये कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये ही दोन्ही औषधं बारा वर्षांखाली वर्ज्य ठरवली. झोपेत घोरणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या मुलांचंच हे ऑपरेशन जास्त करून होतं, आणि त्यांनाच हा धोका अधिक.

औषध वेळेवर गेलं की पाणी पोटात जातं, आणि या चौदा दिवसांत पाण्याइतकं महत्त्व कुठल्याच पदार्थाला नाही. कोरडा घसा जास्त दुखतो, दुखतो म्हणून मूल पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी कोरडा पडतो. शाळेला सुट्टी म्हणून आपल्याकडे पुष्कळ ऑपरेशनं एप्रिल-मेमध्ये करून घेतात. तेव्हा नांदेड-लातूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि हे चक्र एका दुपारीत मुलाला सलाइनवर नेऊ शकतं. आपल्या 16 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 1300 मिली द्रव लागतो. उन्हाळ्यात त्याहून जास्त. एकदम पेला पुढं केला तर ते तोंड फिरवणार. जागेपणी दर तासाला अर्धा पेला, चमच्यानं म्हणा, बाटलीच्या झाकणानं म्हणा, असा धरला तर हिशेब जमतो. दूध, ताक, वरणाचं पाणी, नारळपाणी सगळं त्यात मोजावं. आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल पडून राहिलं, तर पुढच्या डोसची वाट न बघता दवाखाना गाठावा.

जेवणाच्या बाबतीत घरोघरी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आठ दिवस फक्त आइसक्रीम. दुसरा म्हणतो, घशाला थंड लावायचंच नाही, दही-केळं तर बघूसुद्धा नका. दोघांचंही पूर्ण खरं नाही. थंडानं जखम चिघळत नाही. उलट घसा थोडा बधिर होतो आणि मूल गिळतं. पण नुसत्या आइसक्रीमवर आठ दिवस काढणारं मूल अशक्त होतं. मूल जे खाईल ते खाऊ द्यावं. चावण्यानं जबड्याचे आणि घशाचे स्नायू सैल राहतात, दुखणं आखडून बसत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. गुरगुट्या भात आणि तुपाचं वरण, मुगाची सैल खिचडी, रव्याचा शिरा, ज्वारीची आंबील कोमट करून, दुधात चांगली भिजवून कुस्करलेली भाकरी, साय काढलेलं दही, पिकलं केळं. मुरमुऱ्यांची सुशीला नीट भिजवून, शेंगदाणे आणि मिरची वगळून केली तर पाचव्या-सहाव्या दिवशी मुलं आवडीनं खातात. येसराची आमटी आणि ठेचा यांना दोन आठवडे रजा द्यावी. मोसंबी, संत्रं, लिंबूसरबत यांनी इजा होत नाही, पण आंबट झोंबतं आणि एकदा झोंबलं की मूल पुढचे चार तास तोंड उघडत नाही. भाकरीचा कडक पापुद्रा, पापड, चिवडा, कुरकुरे यांच्या टोकदार कडा खपलीवर घासतात, म्हणून ते टाळावेत. आणि एक बारकी गोष्ट: कलिंगड, बीट, डाळिंब, लाल सरबत देऊ नये. त्यांनी काही बिघडत नाही, पण नंतर उलटी झाली तर ती लाल सरबताची की रक्ताची, हे रात्री दोन वाजता ओळखता येत नाही.

घशात बोट घालायचं नाही. हळद-मध लावायला नाही, ‘पडजीभ उचलायला’ तर मुळीच नाही. गावात या कामात हात बसलेली एखादी आजी असते, तिचा मान राखून नकार द्यावा. जोरात खळखळून गुळण्याही नकोत. साध्या पाण्यानं चूळ भरणं आणि हलक्या हातानं दात घासणं मात्र रोज हवं. हळदीचं दूध चालेल, कोमट असेल तर.

राहिली रक्ताची गोष्ट. पालकांना सगळ्यात जास्त भीती हिची, आणि माहिती सर्वांत कमी हिची.

रक्तस्राव दोन वेळांना होतो. पहिला ऑपरेशननंतरच्या चोवीस तासांत. तेव्हा मूल बहुधा दवाखान्यातच असतं. दुसरा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, ती पांढरी खपली सुटते तेव्हा. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2003-04 साली जवळपास 34 हजार टॉन्सिल ऑपरेशनांची नोंद ठेवून मोठी पाहणी झाली. तीत शंभरांतल्या साडेतीन रुग्णांना रक्तस्राव झाला, आणि शंभरांत एकापेक्षाही कमी जणांना तो थांबवण्यासाठी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं. म्हणजे बहुतेक मुलांना काही होत नाही. पण होतं त्यांना ते नेमकं अशा वेळी होतं, जेव्हा घरचे निर्धास्त झालेले असतात, मूल अंगणात खेळायला लागलेलं असतं आणि आई-बाबा शेतात किंवा कामावर परतलेले असतात.

उघड रक्त कुणालाही दिसतं: थुंकीत, नाकातून, उशीवर. लपलेलं ओळखावं लागतं. मूल झोपेत असताना घशात येणारं रक्त ते गिळत राहतं. झोपलेलं मूल पुन:पुन्हा घोट घेताना दिसलं, घसा खाकरू लागलं, तर त्याला उठवून तोंडात उजेड पाडून बघावं. पोटात गेलेलं रक्त थोड्या वेळानं उलटीवाटे येतं, कधी लाल, कधी चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी-काळं. चेहरा पांढुरका, अंगाला गार घाम, छातीची धडधड, विनाकारण चिडचिड किंवा सुस्ती, यांपैकी काहीही दिसलं तर रक्त डोळ्यांना न दिसताही जात असू शकतं.

थोडंच रक्त आहे, असं म्हणताना मुलाचं वजन आठवावं. 16 किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून सव्वा लिटरच्या आसपास रक्त असतं. मोठ्या माणसाला एक कपभर रक्त गेलं तर फार बिघडत नाही. या मुलाच्या बाबतीत तेवढंच म्हणजे दहातला एक हिस्सा. शिवाय मुलं बराच वेळ तग धरतात आणि मग एकदम ढासळतात. सकाळी दाताशी एखादी फिकट गुलाबी रेघ दिसली तर सर्जनला फोन करून सांगावं आणि लक्ष ठेवावं. ताजं लाल रक्त, गुठळी किंवा रक्ताची उलटी असेल तर निघायचंच. रक्त आपोआप थांबलं तरीही निघायचं, कारण मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा पुष्कळदा येऊन जातो. अशा मुलाला दवाखान्यात एक रात्र तरी नजरेखाली ठेवतात.

निघताना मुलाला आडवं झोपवायचं नाही. बसवून, थोडं पुढं वाकवून, रक्त गिळू न देता वाटीत थुंकायला लावायचं. ती वाटी सोबत न्यावी, डॉक्टरांना अंदाज येतो. खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते आणि भरल्या पोटी भूल धोक्याची. घशात कापूस-कापड कोंबू नये. 108 ला फोन लावावा; ही रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

पण जायचं कुठं, हा मराठवाड्यातला खरा प्रश्न. रक्त थांबवायला कान-नाक-घसा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी या तिन्ही गोष्टी एका जागी लागतात. किनवट किंवा माहूरहून नांदेड म्हणजे तासन्‌तासांचा रस्ता. किनवटला त्यापेक्षा तेलंगणातलं आदिलाबाद जवळ पडतं.  जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा अंतर मोठं. म्हणून सुट्टी घेतानाच सर्जनला विचारून ठेवावं: रात्री-अपरात्री रक्त आलं तर आम्ही तुमच्याकडे यायचं की वाटेत आधी कुठं थांबायचं? ज्यांचं गाव तासाभरापेक्षा लांब आहे, त्यांनी शक्य असेल तर पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत शहरातल्या एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं. हा सल्ला घरच्यांना अवघड वाटतो, कामं खोळंबतात, पाहुण्यांना त्रास होतो. तरी तो द्यावाच लागतो. याच दिवसांत लग्नाला, जत्रेला, तिरुपतीला नेणं म्हणजे मुलाला दवाखान्यापासून मुद्दाम लांब घेऊन जाणं आहे.

शाळा साधारण दहा ते चौदा दिवसांनी. तारीख बघण्यापेक्षा मूल बघावं: रात्री नीट झोपतं, नेहमीचं जेवतं, दिवसभर दुखण्याच्या औषधाशिवाय राहतं, आणि दहावा दिवस ओलांडलेला आहे, तर पाठवायला हरकत नाही. लातूरमध्ये शिकवणीच्या दडपणापायी मोठ्या मुलांना सहाव्या-सातव्या दिवशी वर्गात बसवायचा आग्रह होतो. दिवस नेमके रक्तस्रावाचे, वर्गात शंभर मुलं, त्यांतली दहा खोकणारी. एक सर्दी झाली की जखमेचं दुखणं पुन्हा वर येतं. आठवडाभराच्या नोट्स मित्राकडून मिळतात.

शाळेत परतल्यावरही कवायत, कबड्डी, धावणं, पोहणं दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत नको. वर्गशिक्षकांना ऑपरेशनची तारीख लिहून चिठ्ठी द्यावी आणि तीत चारच गोष्टी असाव्यात: वर्गात पाणी पिऊ द्यावं, मैदानावर पाठवू नये, तोंडातून रक्त आलं तर मुलाला बसवून ठेवून लगेच घरी कळवावं आणि 108 ला फोन करावा, आणि शाळेतलं कुठलंही औषध देऊ नये. पोषण आहाराची खिचडी चालेल. तिखट असेल तर डबा द्यावा. तोंडाच्या वासावरून मुलं चिडवतात, हेही शिक्षकांच्या कानावर घालावं.

दवाखान्यातून निघताना फाइलच्या पहिल्या पानावर मुलाचं वजन, ऑपरेशनची तारीख, औषधाचं नाव आणि बाटलीवरचा आकडा, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आणि त्या पानाचा फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवा.